लाइन आली, की लेकरू कोसळतं

ताई, माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, पहिलीत जातो. बोलतो, पण कमी. दुकानापुढं चिप्सच्या पुड्यासाठी लोळतो ते मला समजतं. पण शाळेच्या दिवशी संध्याकाळी कधी कधी वेगळंच होतं. गेल्या मंगळवारी गेलेली लाइन सातच्या सुमारास आली, घरातली पोरं ओरडली, मी चटणीसाठी मिक्सर लावला आणि हा कान दाबून किंचाळायला लागला. भिंतीवर डोकं आपटलं, मला चावला. चिप्स दिले तर फेकून दिले. जवळ घेतलं तर जास्तच. पाऊण तास चाललं. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्या म्हणतात, 'पोराले लाडावून ठेवलं तूनं.' याचे बाबा म्हणतात, दोन फटके दिले की सुधरते. रविवारी असं सहसा होत नाही. हा हट्ट आहे की दुसरं काही? तेव्हा मी नेमकं काय करू? आणि पुढच्या महिन्यात माझ्या भावाचं लग्न आहे, त्याला न्यावं की नाही?
– एक आई, यवतमाळ जिल्हा

ताई, त्या फेकलेल्या पुड्याबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

हट्ट करणाऱ्या मुलाला काहीतरी हवं असतं आणि ते त्याच्या पक्कं लक्षात असतं. पुढच्या वेळी दुकानापुढं नीट बघा. तो लोळतो, पण गोटे-काटे टाळून लोळतो. मधेच रडं थांबवून तुमच्याकडं बघतो. तुम्ही चार पावलं पुढं गेलात तर उठून मागं येतो आणि पुन्हा सुरू करतो. पुडा हातात पडला, की दोन हुंदके देऊन फोडायला लागतो. यात लबाडी शोधू नका. सहाव्या वर्षी मागणी रेटण्याची एवढीच रीत पोरांना ठाऊक असते, त्यातही बोलणं कमी असेल तर आणखीच.

मंगळवारी मात्र त्याला काहीच नको होतं. नेहमी आवडणारी वस्तू समोर आली तरी थांबला नाही, कारण त्याची मागणीच नव्हती. कान, डोळे, कातडी, नाक यांतून जे आत येत होतं ते त्याच्या मेंदूला आवरेनासं झालं आणि जीव धोक्यात असल्यासारखं त्याचं शरीर वागायला लागलं. याला मेल्टडाउन म्हणतात. अशा वेळी छाती धडधडते, श्वास उथळ होतो, हातपाय आपोआप चालतात. समजून घेणं, उत्तर देणं, स्वतःला आवरणं हे तेवढ्यापुरतं हाताबाहेर जातं. म्हणून तो स्वतःच्या डोक्याची काळजी घेत नाही. तुम्हाला चावला तेव्हा समोर आई आहे, हेही त्याला त्या घडीला धड उमगलेलं नसतं.

ओळखताना एक चूक लोक हमखास करतात. 'तो माझ्याकडं बघत होता, म्हणजे नाटकच' असा निकाल लावतात. नजरेवर फार विसंबू नका. काही मुलं एरवीही डोळ्याला डोळा देत नाहीत, आणि काही मुलं कोसळलेली असतानाही आईला शोधत असतात. त्यापेक्षा शेवट कसा होतो ते बघा. हट्ट चट्कन संपतो, मागणी पुरी झाली म्हणून किंवा ती पुरी होणार नाही हे कळलं म्हणून. मेल्टडाउन हळूहळू ओसरतो, मधे पुन्हा उसळतो आणि नंतर मूल गळून जातं. कुणी झोपतं, कुणी तासभर गप्प राहतं. तुमचा मुलगा त्या रात्री जेवला का आणि कधी झोपला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आता आठवून बघा.

आणखी एक गोष्ट. हट्टाचं रूपांतर मेल्टडाउनमध्ये होऊ शकतं. दुकानापुढं सुरुवात पुड्यानं होते, पण वर ऊन असतं, चार माणसं जमतात, कुणी मोठ्यानं हसतं, तुम्ही दंड धरून ओढता, आणि पोरगं पलीकडं जातं. ते ओळखायचं असं, की तो मागितलेली वस्तूही ढकलायला लागतो आणि रडण्यातले शब्द गळून नुसता आवाज उरतो. अशा वेळी नक्की काय आहे हे कळलं नाही, तर मेल्टडाउन आहे असं धरून चाला. आवाज कमी करणं, गर्दी हटवणं, गप्प राहणं यातून हट्टाला काहीही मिळत नाही. पुडा तेवढा देऊ नका. हट्ट असेल तर तुमचा नकार कायम राहतो, आणि मेल्टडाउन असेल तर पोराची सुटका होते.

आता मंगळवारचीच संध्याकाळ घेऊ. लाइन येते तेव्हा आपल्या घरात काय काय होतं, ते जरा त्याच्या कानाडोळ्यांनी बघा. अर्धा-पाऊण तास अंधार आणि शांतता असते. मग एकाच क्षणी ट्यूबलाइट लुकलुकत पेटते, पंखा खडखडतो, आधी चालू राहिलेला टीव्ही जाहिरातीच्या आवाजानं सुरू होतो, चार पोरं 'आली, आली' म्हणून ओरडतात. त्यावर मिक्सर. मोठ्या आवाजापेक्षा अचानक आलेला आवाज जास्त त्रास देतो, आणि इथं तर पाच गोष्टी एकदम आल्या.

अशा वेळी आपली पहिली ओढ असते ती काहीतरी करण्याची: कडेवर घ्यायचं, समजावायचं, पाणी पाजायचं, खेळणं दाखवायचं. पण ज्याच्या आत आधीच मावेनासं झालंय त्याला यातली प्रत्येक गोष्ट नवा भार असते. तेव्हा करायचं काम आहे कमी करण्याचं.

आधी मिक्सर, मग टीव्ही, मग ट्यूब. मागच्या खोलीतला किंवा ओसरीतला मंद दिवा पुरतो. पंख्याची खडखड नेहमीची असेल तर तो राहू द्या, उकाडाही त्रासच देतो. मग माणसं. पोरांना अंगणात पाठवा आणि मोठ्यांनाही. त्याच्याजवळ एकच माणूस असावं, आणि ते घरात सगळ्यात शांत राहू शकणारं असावं. दर वेळी आईच असली पाहिजे असं नाही. त्याला उचलून दुसऱ्या खोलीत न्यायच्या भानगडीत सहसा पडू नका. खोली रिकामी करणं सोपं पडतं.

मग तुम्ही खाली बसा, त्याच्या बाजूला, दीड-दोन हात अंतरावर, थोडं तिरकं. समोर उभं राहून वाकलं की मोठं माणूस अंगावर आल्यासारखं वाटतं. 'काय झालं?', 'कुठं दुखतं?', 'का रडतो रे असा?' असं काही विचारू नका. प्रश्न आला की उत्तर शोधावं लागतं, आणि ते त्याला आत्ता जमणारं नाही. दोन-तीन शब्द ठरवून ठेवा आणि दर वेळी तेच, तेवढ्याच हळू आवाजात म्हणा. 'मी इथंच आहे.' मग बराच वेळ गप्प. त्या शब्दांनीही रडं वाढत असेल तर तेही नकोत, नुसतं बसा. तुमचा श्वास लांब आणि संथ ठेवा.

डोकं आपटत असेल तर डोकं धरू नका. धरलं की तो सुटायला जास्त जोर लावतो. घडी केलेली गोधडी किंवा उशी भिंत आणि डोक्याच्या मधे सरकवा. तिथं आपटू द्या. आसपासचा विळा, खलबत्ता, गरम भांडं आधी हलवा. तो चुलीकडं, विहिरीकडं किंवा रस्त्याकडं धावला तरच धरायचं: मागून, दोन्ही हातांनी, आणि धोका टळला की लगेच सोडायचं. त्याच्या अंगावर बसणं, छाती किंवा पाठ दाबून जमिनीवर पालथं धरणं, हातपाय बांधणं हे कधीही करायचं नाही. त्यानं श्वास कोंडू शकतो. चावणाऱ्या मुलासमोर तोंडाच्या उंचीवर हात न्यायचा नाही. चावलाच, तर हिसका मारून हात ओढू नका, जखम मोठी होते.

जवळ घेतल्यावर वाढलं, याचं तुम्हाला फार लागलेलं दिसतं. माझ्याकडूनही हे झालेलं आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत सात वर्षांची एक मुलगी माझ्यासमोर अशीच कोसळली. मी तिला जवळ ओढलं आणि पाठीवरून हलका हात फिरवत राहिले. तिनं माझा गळा ओरबाडला. तिची आई पुढं आली, शांतपणे माझा हात बाजूला केला आणि म्हणाली, 'फिरवू नका मॅडम, तिले ते सरसरते. दाबून ठेवा, न हालवता.' तिनं दोन्ही तळहात मुलीच्या खांद्यांवर ठेवले, चांगले जड, आणि तसेच राहू दिले. मुलीनं स्वतःच मान तिच्याकडं झुकवली. बऱ्याच मुलांना हलका, सरकता स्पर्श बोचतो आणि स्थिर, जड स्पर्श निववतो. पण हेही त्याच्या मर्जीनं. तुमचा तळहात उताणा करून त्याच्या जवळ जमिनीवर ठेवा. त्यानं धरला, तर धरू द्या. ढकलला, तर मागं घ्या. त्याला त्या वेळी कुठलाच स्पर्श नको असेल, तर तुमच्यावरचं त्याचं प्रेम कमी झालंय असा त्याचा अर्थ नाही.

गोधडीचंही तसंच. काही मुलं जड गोधडीत स्वतःला गुंडाळून घेतात आणि शांत होतात. ती जवळ ठेवा, अंगावर टाकू नका. तोंड उघडं असलं पाहिजे, त्याला स्वतःहून काढता आली पाहिजे, आणि झोप लागली की ती काढून घ्यायची. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा उपाय नकोच. तेव्हा गार फरशीचा किंवा सारवलेल्या जमिनीचा कोपरा बरा.

पाण्याची घाई नको. किंचाळणाऱ्या मुलाच्या तोंडात पाणी, गूळ, फुटाणे काहीही घातलं तर ठसका लागून श्वासात अडकू शकतं. त्याचा श्वास लांब व्हायला लागला, एखादा मोठा उसासा आला, मुठी सुटल्या, की मग पेला नुसता शेजारी ठेवा.

आणि इथंच बहुतेक घरांत दुसऱ्यांदा भडका उडतो. रडं थांबलं की आपण सुटलो असं वाटतं. कुणी टीव्ही लावतं, कुणी 'झालं का समाधान?' म्हणतं, पोरं आत येतात. ओसरलेलं दिसत असतं, पण आतून अजून सगळं काठावर असतं. शांत झाल्यावर आणखी २०-३० मिनिटं घर तसंच ठेवा. मग नेहमीचं साधं खाणं, वरण-भात असेल तर तेच. त्या रात्री जाब विचारणं नाही, 'आईला सॉरी म्हण' नाही, भावंडांसमोर त्याची गोष्ट सांगणं नाही. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून नातेवाइकांना तर मुळीच दाखवायचा नाही. डॉक्टरांना दाखवण्यापुरता दूरून काढला असेल तर तो तेवढ्यापुरताच.

सासूबाईंच्या मिरच्यांबद्दल. त्यांनी ते मायेनं केलं हे खरं, आणि त्या मायेचा मान राखूनच हे सांगायचं आहे. जळत्या मिरचीचा ठसका मोठ्या माणसाच्याही डोळ्यांतून पाणी काढतो. ज्या पोराचं नाक आणि घसा आधीच बेजार आहेत त्याला तो धूर म्हणजे आणखी एक घाव. त्या पाऊण तासातला बराच वेळ धुरानं वाढवलेला असू शकतो. 'आई, दृष्ट नका काढू' असं म्हणाल तर वाद होईल. 'आई, तो झोपल्यावर काढा, आणि मिरच्या आत चुलीत टाकण्याऐवजी बाहेर लांब टाका' असं म्हणा. त्यांना हे पटण्यासारखं आहे.

मारण्याबद्दल याच्या बाबांना एवढं सांगा. फटका बसला की तो कदाचित गप्प होईलही. खाटेखाली जाऊन बसेल, बोलणार नाही, हाक मारली तरी बघणार नाही. ते सुधरणं नसतं. तोच भार आता बाहेर पडण्याऐवजी आत कोंडला जातो, याला शटडाउन म्हणतात. कुणी न मारताही काही मुलं अशी मिटतात आणि 'किती शहाणं पोर' म्हणून त्यांच्याकडं लक्षच जात नाही. बाबांना पुढच्या वेळी एक काम द्या: लाइनची बटणं आणि पोरं सांभाळणं. माणसाला नेमकं काम मिळालं, की हात उगारायची वेळ सहसा येत नाही. हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

आता रविवारी का होत नाही, ते बघू. आमच्या कामात सगळ्यात उपयोगी पडणारी वस्तू म्हणजे साधी वही. मिक्सर रविवारीही लागतो, लाइन रविवारीही जाते. म्हणजे मिक्सर हा फक्त शेवटचा गडवा आहे, रांजण त्याआधीच काठोकाठ भरलेला असतो. तो कशानं भरतो हे शोधायला दोन आठवडे वही ठेवा. प्रसंग घडला की आधीच्या पाच मिनिटांऐवजी सकाळपासूनचं लिहा: झोप किती झाली, काय खाल्लं, शाळेत काय होतं, घरी आला तेव्हा अंगावर काय होतं, घरात किती माणसं होती, शी-शू कधी झाली. ज्या दिवशी काही घडलं नाही तो दिवसही लिहा. नाहीतर तुलना कशाशी करणार?

तुमच्या पत्रावरून मला मंगळवार साधारण असा दिसतो. शाळेच्या खोलीत तीस-चाळीस पोरांचा कालवा. खिचडीच्या वेळी ताटांचा खणखणाट. गळ्याशी घासणारी गणवेशाची कॉलर आणि मागं बोचणारी लेबलची पट्टी. ऑक्टोबरचं ऊन. अशा मुलांना तहान, भूक, लघवीची जाणीव पुष्कळदा उशिरा होते, त्यामुळं तो दिवसभर जेमतेम पाणी प्यायलेला असणार. शाळेत सगळं आवरून धरलं, आणि घरी आला तर सोयाबीनच्या हंगामामुळं घर भरलेलं. यातलं काही चुकीचं असेल तर तुमची वही मला खोडून काढेल, आणि ते चांगलंच होईल.

तोवर तीन गोष्टी आजपासून करून बघा.

शाळेतून आल्याबरोबर गणवेश काढून धुऊन मऊ झालेला जुना सुती बनियन द्या, लेबलची पट्टी कापून टाका. पेलाभर पाणी द्या आणि अर्धा तास कुणी काही विचारू नका. धान्याच्या कोठीमागं किंवा दोन पेट्यांच्या मधे एक कोपरा त्याचा करून ठेवा, चादर लावून अंधारलेला. त्या कोपऱ्यात त्याला शिक्षा म्हणून कधीही पाठवायचं नाही, आणि तो तिथं असताना भावंडांनी आत डोकवायचं नाही.

त्यानंतर त्याला जोराचं काम द्या. अर्धी भरलेली छोटी बादली झाडापर्यंत नेणं, कणकेचा गोळा दाबणं, भिंतीला टेकून 'भिंत ढकल' खेळणं. स्नायू आणि सांध्यांवर जोर आला की पुष्कळ मुलांचं अंग शांत होतं. घरात बंगई असेल तर १० मिनिटं सरळ मागं-पुढं, संथ. गरगर फिरवू नका, त्यानं काही मुलं उलट जास्त पेटतात. हे सगळं कोसळण्याआधी करायचं. कोसळलेल्या मुलाला बादली द्यायला जाऊ नका.

तिसरी गोष्ट लाइनची. लाइन गेली की एक पंखा सोडून घरातली सगळी बटणं बंद करायची. लाइन आली की आधी फक्त पंखा सुरू होईल. मग त्याला दाखवून दिवा. मग काही मिनिटांनी टीव्ही, आवाज कमी करून. लुकलुकणारी ट्यूब काढून एलईडी दिवा लावता आला तर फार बरं. 'आली, आली' ओरडण्याऐवजी पोरांना टाळ्याही न वाजवता हात हलवायला शिकवा, दोन दिवसांत त्यांना तोच खेळ वाटायला लागतो. चटणी सकाळी, तो शाळेत असताना वाटा. संध्याकाळी मिक्सर लावावाच लागला, तर भांडं त्याला दाखवा, 'मिक्सर' एवढंच म्हणा आणि त्याची तयारी असेल तर बटण त्यालाच दाबू द्या. जो आवाज आपण स्वतः सुरू करतो आणि थांबवू शकतो तो तेवढा बोचत नाही. एक मुलगा मला असा आठवतो, जो मिक्सरच्या आवाजानं घराबाहेर पळायचा आणि दोन महिन्यांनी स्वतःच मोजून तीन वेळा बटण फिरवायचा. चौथ्यांदा अजूनही त्याला चालत नव्हतं, पण चटणीला तीन पुरेत.

आधीची चिन्हंही टिपून ठेवा. बहुतेक मुलं कोसळण्यापूर्वी १०-१५ मिनिटं सांगत असतात, पण शब्दांत नाही. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणं, येरझारा, टाचा उचलून चालणं, कान लाल होणं, कपडे ओढणं, हसू नको तिथं खूप हसणं. तुमच्या मुलाची दोन-तीन ठरलेली चिन्हं असतील. ती दिसली की त्याच क्षणी कोपऱ्यात. तिथं जे १० मिनिटांत निभावतं त्याला नंतर तास लागतो.

आता डॉक्टरांकडं कधी जायचं. आवाज, स्पर्श असह्य होणं ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये पुष्कळ दिसतं, पण ऑटिझम नसलेल्या मुलांमध्येही दिसतं. पत्रावरून मी नाव लावणार नाही. बोलणं कमी आहे आणि हे प्रसंग आहेत, एवढ्यावर तपासणी मात्र नक्की करा, त्यात कानाचीही. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं. गुरुजींना किंवा आशाताईंना ते कधी येणार हे विचारा. वाट बघायची नसेल तर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ही सोय आहे. वही सोबत न्या.

प्रसंग अचानक वाढले तर आधी दुखणं शोधा. कान ठणकणं, किडलेला दात, तीन-चार दिवसांची बद्धकोष्ठता, ताप. कमी बोलणारं मूल हे सांगू शकत नाही. तो मधेच शून्यात बघत राहिला आणि हात लावूनही भानावर येत नसेल, अंगाला झटके येत असतील, नंतर कपड्यात लघवी झालेली दिसत असेल, तर ते फिटचं लक्षण असू शकतं, तेव्हा थेट रुग्णालय गाठा. डोकं आपटल्यावर उलटी झाली, तो गुंगला किंवा नेहमीसारखा वागेना, तरीही तसंच. आणि कुणी सांगितलं म्हणून मेडिकलमधून झोपेचं किंवा खोकल्याचं औषध आणून त्याला गुंगवू नका.

राहिलं लग्न. न्या, पण बेत आखून न्या. आदल्या दिवशी दुपारी, मांडव रिकामा असताना, त्याला एकदा फिरवून आणा. नवे जरीचे कपडे नकोत. असलेला मऊ सदरा धुऊन, इस्त्री करून घाला. कान झाकणारे इअर मफ बाजारात मिळतात, ते आधी आठवडाभर घरी थोडा थोडा वेळ घालायची सवय करा. दिवसभर घालून ठेवू नका, कानांना तीच सवय लागली की मग साधा आवाजही मोठा वाटतो. वरात आणि डीजेला त्याला नेऊच नका. मफ घातला तरी डीजेचा धक्का छातीला बसतो. तुमच्या माहेरच्या घरातली एक खोली त्याच्यासाठी मागून घ्या आणि एक माणूस फक्त त्याच्यासाठी नेमा, ज्याला जेवणावळीत वाढायचं नाही की फोटोत उभं राहायचं नाही. तुम्ही नवऱ्या मुलाची बहीण आहात, तुम्हाला त्या दिवशी ते जमणार नाही. याच्या बाबांकडचे आजोबा चालतील, धाकटी आत्या चालेल. चिन्हं त्यांना आधी सांगून ठेवा.

मंगलाष्टकांना त्याला हवं तर दाखवा, मांडवाच्या कडेला, भोंग्यापासून लांब उभं राहून. पण 'सावधान' कानावर पडायच्या आत त्याला तिथून हलवायला सांगा. मानेवर, कानामागं, सदऱ्याच्या आत पडणाऱ्या अक्षता आपल्याला जाणवतही नाहीत. त्याला त्यातली एकेक लागेल. त्याच्या वाटच्या अक्षता त्याच्या मुठीत देऊन ठेवा, मामाच्या डोक्यावर नंतर खोलीत टाकू द्या.